अंगकोरचं पाणी, भात आणि पाळीची माणसं

कंबोडियातल्या ता प्रोह्म देवळात पर्यटक जातात ते भिंतींना विळखा घालून बसलेल्या झाडांच्या मुळांचे फोटो काढायला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने गेली कित्येक वर्षं या देवळाच्या दुरुस्तीचं काम केलं आहे, त्यामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही त्याचं नाव अधूनमधून येतं. या देवळाची खरी दौलत मात्र एक शिळा आहे. ११८६ साली जयवर्मन सातव्या या ख्मेर राजाने आपल्या आईच्या नावे हा बौद्ध विहार बांधला, तेव्हा त्याचं नाव राजविहार होतं. त्याच्या संस्कृत शिलालेखात सुरुवातीची राजस्तुती संपली की सुरू होतो तो चक्क जमाखर्च: किती पुजारी, किती नर्तकी, किती तांदूळ, किती तूप, किती कापड. मापंही आपल्या कानांना ओळखीची आहेत, खारी, द्रोण, प्रस्थ अशी.

या हिशेबाप्रमाणे देवळाच्या आवारात राहायचा हक्क असलेले लोक १२,६४०. त्यात १८ मुख्य आचार्य, २,७४० पूजाअर्चा करणारे आणि ६१५ नर्तकी. त्याखेरीज बाहेरून देवाची सेवा करणारे स्त्री-पुरुष ६६,६२५. म्हणजे एका देवळामागे एकंदर जवळजवळ ऐंशी हजार माणसं, आणि ती ३,१४० गावांत विखुरलेली. पाच वर्षांनी, ११९१ साली, त्याच राजाने प्रेआह खान नावाचं आणखी मोठं देऊळ उभं केलं. तिथल्या शिलालेखात ५,३२४ गावं आणि ९७,८४० माणसं नोंदली आहेत.

राजाच्या शिलालेखातल्या आकड्यांना थोडी फुगवटी असणार, हे धरून चालू. तरी निम्मे आकडे खरे मानले तरी प्रश्न उरतोच. ज्या राज्याचं स्वतःचं नाणं नव्हतं, जिथे कर, पगार आणि दान सगळं धान्यात आणि माणसाच्या कामात चालायचं, तिथे एवढ्या लोकांचा भात कुठून यायचा आणि तो देवळापर्यंत कोण आणायचं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना गेल्या पन्नास वर्षांत संशोधकांनी एकमेकांचे बरेच दावे खोडून काढले आहेत, आणि त्यातून अंगकोरचं जे चित्र तयार झालं आहे ते पर्यटकांच्या पुस्तिकेतल्या चित्रापेक्षा बरंच वेगळं आहे.

आधी जमीन पाहू. अंगकोरच्या उत्तरेला कुलेनचे डोंगर आहेत आणि दक्षिणेला तोन्ले साप हे प्रचंड सरोवर. मधलं मैदान इतकं सपाट की एक किलोमीटर चाललं तर जेमतेम एक मीटर उतार लागतो. मे ते ऑक्टोबर मोसमी पाऊस पडतो, नंतरचे सहा महिने जवळजवळ कोरडे. माती वाळूसर, फारशी कसदार नाही. सरोवराची तऱ्हा तर जगावेगळी आहे. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की सरोवरातून तिच्याकडे वाहणारी उपनदी उलटी फिरते आणि मेकाँगचं पाणी सरोवरात शिरतं. उन्हाळ्यात अडीच हजार चौरस किलोमीटरचं असलेलं सरोवर पावसाळ्याअखेर पंधरा हजारांच्या घरात पसरतं आणि काठची झाडं शेंड्यापर्यंत बुडतात.

म्हणजे सहा महिने पाणी नको तितकं आणि सहा महिने नाही, अशी परिस्थिती. अशा मुलखात नवव्या शतकाच्या अखेरीपासून पंधराव्या शतकापर्यंत राजधानी टिकली. मधल्या सोळा वर्षांचा एक अपवाद आहे, त्याकडे पुढे येऊ.

ख्मेर राजांच्या कामाचा एक ठरलेला क्रम दिसतो. आधी तलाव, मग पूर्वजांसाठी देऊळ, मग स्वतःचं मोठं देऊळ. ८७७ साली गादीवर आलेल्या इंद्रवर्मनाने आपल्या लेखात म्हटलं आहे की आजपासून पाच दिवसांत खोदकाम सुरू करीन, आणि त्याने साधारण पावणेचार किलोमीटर लांब, आठशे मीटर रुंद असा इंद्रतटाक बांधला. त्याच्या मुलाने, यशोवर्मनाने, राजधानी आजच्या अंगकोरला हलवली आणि साडेसात किलोमीटर लांबीचा पूर्व तलाव केला. अकराव्या शतकात पश्चिम तलाव झाला. तो सगळ्यांत मोठा, आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरांहून थोडा रुंद. या आयताकृती तलावांना ख्मेर भाषेत ‘बाराय’ म्हणतात.

बाराय हा खोदलेला तलाव नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. सपाट मैदानात खड्डा खणला तर पाणी जमिनीच्या खाली राहतं आणि ते शेतात न्यायला उपसावं लागतं. ख्मेर लोकांनी उलट केलं. चारी बाजूंनी मातीचा भराव टाकून बांध घातला आणि पाणी जमिनीच्या वर साठवलं. बांधात वाट ठेवली की पाणी उताराने आपोआप खाली जातं. पश्चिम तलावाचा बांध पायथ्याशी सुमारे शंभर मीटर रुंद आणि दहा मीटरच्या आसपास उंच आहे. चारी बाजूंची लांबी मिळून वीस किलोमीटर. मी ढोबळ हिशेब करून पाहिला. एवढ्या भरावाला एक कोटी घनमीटरहून जास्त माती लागते. एका माणसाने पाटीने वाहून दिवसाला दोन घनमीटर माती टाकली, दहा हजार माणसं लावली आणि काम फक्त कोरड्या दिवसांत, म्हणजे वर्षाचे चारएक महिने चाललं, तर चार-पाच वर्षं लागतील. हा आकडा घाबरवणारा नाही. अशक्य तर अजिबात नाही. फक्त या दहा हजारांना चार महिने बसून खायला पुरेल एवढा तांदूळ आधी कोठारात हवा.

आता वादाकडे येऊ. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार-फिलिप ग्रोलिए यांनी १९७९ मध्ये अंगकोरला ‘जलनगरी’ म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की हे तलाव म्हणजे प्रचंड सिंचनयंत्रणा होती. तिच्या जोरावर वर्षाला अनेक पिकं निघत आणि त्यांवर एकोणीस लाख लोक पोसले जात. यंत्रणा गाळाने भरली आणि शहर संपलं. कल्पना इतकी देखणी होती की ती लगेच पाठ्यपुस्तकांत गेली. पुढच्याच वर्षी वान लीअर या डच तज्ज्ञाने तिच्यावर पाणी ओतलं. या तलावांना पाणी बाहेर सोडायच्या मोऱ्याच दिसत नाहीत, शेतांपर्यंत जाणाऱ्या चाऱ्या नाहीत, शिलालेखांत सिंचनाचा उल्लेख नाही. तेव्हा हे तलाव म्हणजे देवांच्या समुद्राच्या प्रतिकृती, शोभेच्या आणि पुण्याच्या, असा त्यांचा निष्कर्ष. त्याला आधारही होता, कारण पूर्व आणि पश्चिम दोन्ही तलावांच्या मधोमध बेटावर देवळं आहेत. पश्चिम तलावातल्या देवळात १९३६ साली शेषशायी विष्णूच्या भव्य ब्राँझ मूर्तीचे तुकडे सापडले.

वाद सुटला तो मोजणीने. क्रिस्तोफ पोतिए यांनी १९९० च्या दशकात गावोगाव पायी फिरून आणि विमानातून काढलेली छायाचित्रं तपासून दक्षिण भागाचा नकाशा केला. पुढे रोलंड फ्लेचर आणि डेमियन एव्हान्स यांच्या गटाने रडारच्या प्रतिमा वापरल्या, आणि २०१२ पासून हेलिकॉप्टरमधून लेझर किरण सोडून झाडीखालची जमीन मोजली. सुमारे हजार चौरस किलोमीटरवर पसरलेलं एक जाळं समोर आलं. उत्तरेत नद्या अडवून, वळवून पाणी गोळा करायचं, मध्ये तलावांत साठवायचं, दक्षिणेत पाटांनी वाटायचं आणि जास्त झालेलं सरोवरात सोडून द्यायचं. आज शहरातून वाहणारी सिएम रीप नदीसुद्धा बऱ्याच अंशी माणसाने वळवलेला पाट आहे.

मोऱ्याही सापडल्या. पूर्व तलावाच्या पूर्व बांधाच्या मध्यावर जांभ्या दगडाचं एक मोठं बांधकाम आहे. आपल्या कोकणातल्या घरांना जो जांभा वापरतात त्याच जातीचा दगड. गावकरी त्याला क्रोल रोमेआस, म्हणजे गेंड्यांचं कुंपण, म्हणतात आणि ते एखादं क्रीडांगण असावं असंही कधीकाळी समजलं जायचं. उत्खननात दिसलं की ही पाणी जाण्यायेण्याची वाट आहे आणि नंतर कधीतरी तिचे दगड काढून ती बुजवली गेली आहे. वान लीअर यांना मोऱ्या दिसल्या नाहीत याचं कारण असंही होतं: ख्मेर अभियंते जुनी वाट बुजवून नवी काढत राहिले, त्यामुळे शेवटच्या अवस्थेत पाहणाऱ्याला पहिली अवस्था दिसतच नाही.

पण मोऱ्या सापडल्या म्हणून ग्रोलिए बरोबर ठरत नाहीत. एक साधं गणित करू. पश्चिम तलावाचं क्षेत्र सतरा चौरस किलोमीटरच्या आसपास. सरासरी तीन मीटर पाणी धरलं तर साठा पाच कोटी घनमीटर. उन्हाळी पीक घ्यायचं म्हटलं तर पाऊस नाही, सगळं पाणी तलावातूनच द्यायचं. लावणीपासून कापणीपर्यंत भाताच्या खाचराला किमान एक मीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी दहा हजार घनमीटर. दरम्यान उन्हाने तलावाची पातळी मीटरभर तरी उतरणार, वाळूसर जमिनीत मुरेल ते वेगळं. उरलेल्या तीन कोटी घनमीटरांत भिजणार तीन हजार हेक्टर. सगळ्यांत मोठ्या तलावाची ही गत असेल, तर लाखो लोकांचं दुसरं पीक काही यातून निघत नाही.

तेच पाणी पावसाळी पिकाला दिलं तर मात्र गणित पालटतं. पाऊस चांगला असला तरी दोन वेळा दगा देतो. एकदा जुलै-ऑगस्टच्या सुमारास, रोपं लावून झाल्यावर पडणारा खंड, आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पीक निसवून दाणा भरायच्या वेळेला पाऊस लवकर गेला तर. तेव्हा वीत-दीड वीत पाणी मिळालं की पीक वाचतं. वीस सेंटिमीटर म्हणजे हेक्टरी दोन हजार घनमीटर. दुसऱ्या खेपेच्या वेळी तलाव काठोकाठ भरलेला असतो. पाटात निम्मं पाणी वाया गेलं असं धरलं तरी दहा-बारा हजार हेक्टरांचं पीक हातचं जात नाही. माझ्या मते बारायांचं खरं काम हेच होतं. त्यांनी भात वाढवला तो थोडाच. चुकार पावसाच्या वर्षी देवळांची आणि राजवाड्याची कोठारं रिकामी पडू नयेत, ही हमी त्यांनी दिली. आणि पूर आला की तेच तलाव आणि पाट शहरातून पाणी बाहेर काढायलाही उपयोगी पडत. मोठ्या पाटांपैकी काही तर उताराच्या दिशेने सरळ सरोवराकडे जातात, शेतांकडे वळतही नाहीत.

मग रोजचा भात कुठून यायचा? बांध घातलेल्या साध्या खाचरांतून. नकाशावर बारायांपेक्षा संख्येने कितीतरी जास्त दिसतात त्या छोट्या तळ्या. उंचवट्यावर चार घरं, शेजारी एक आयताकृती तळी, जरा पुढे गावचं लहान देऊळ आणि त्याभोवती खंदक. ख्मेर भाषेत या तळ्यांना ‘त्रपांग’ म्हणतात. अशी घरं-तळ्या-खाचरं मैलोन्‌मैल पसरलेली होती आणि त्यांच्यामध्ये मोठी देवळं. तटबंदीच्या आत गजबज आणि बाहेर रान, असं हे शहर नव्हतं. शेतं शहरातच होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तेराव्या शतकातली इथली लोकसंख्या सात ते नऊ लाखांच्या दरम्यान मांडली आहे. ग्रोलिए यांच्या एकोणीस लाखांच्या निम्मी, तरी त्या काळाच्या मानाने अवाढव्य.

या शेतीकडे प्रत्यक्ष पाहणारा एक साक्षीदार आपल्याला मिळाला आहे. झोऊ दागुआन हा चिनी शिष्टमंडळातला माणूस ऑगस्ट १२९६ मध्ये अंगकोरला आला आणि जवळजवळ वर्षभर राहिला. तो लिहितो की इथे वर्षाला तीन-चार पिकं निघतात. ग्रोलिएंच्या कल्पनेला या वाक्याचा मोठा आधार होता. पण झोऊ पुढे जे लिहितो ते जास्त महत्त्वाचं आहे. इथले शेतकरी भात कधी पिकतो आणि त्या वेळी सरोवराचं पाणी कुठवर आलेलं असतं हे पाहून पेरणीची जागा ठरवतात. आणखी एका जातीचा भात तर पेरावाही लागत नाही, पुराचं पाणी चढेल तसा तो उंच वाढतो.

हे वाचल्यावर तीन-चार पिकांचा उलगडा होतो. एकाच खाचरात तीन पिकं नव्हती. वरच्या मैदानातल्या खाचरात पावसाळी भात, त्यातही आपल्याकडच्यासारखे हळवे आणि गरवे वाण असणारच. सरोवराच्या काठावर पूर ओसरत जाईल तशी मागे सरकत जाणारी लावणी, जिथे ओल आणि गाळ फुकट मिळतो. आणि खोल पाण्यात तरंगता भात. कापणी वर्षातून तीन-चार वेळा चालत असे, ती वेगवेगळ्या जमिनींवर. दुष्काळात वरची खाचरं गेली तरी काठचं पीक हाती लागे, आणि पूर लवकर चढला तर काठचं बुडे पण वरचं तरे. झोऊ एक तक्रारही नोंदवतो, तीही मजेची आहे. हे लोक शेतात मैला घालत नाहीत, त्याला अपवित्र मानतात. चिनी माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटला असणार.

धान्य पिकलं, आता ते गोळा व्हायचं कसं? इथे देवळं येतात. अंगकोरचं देऊळ हे पूजास्थान होतंच, शिवाय ते धान्याचं कोठार, जमिनीची कचेरी आणि मजुरांचा हजेरीपट होतं. हजेरीपट हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इंद्रतटाकाच्या मधल्या बेटावर लोलेई नावाचं विटांचं देऊळ आहे, ८९३ सालचं. त्याच्या दारांच्या चौकटींवर, सुबक अक्षरांत, शेकडो नावं कोरलेली आहेत. ही देवांची किंवा दात्यांची नावं नाहीत, सेवकांची आहेत. संस्कृत भाग राजाची आणि देवाची स्तुती करतो. त्याच्या खालचा जुन्या ख्मेर भाषेतला भाग कामाचं बोलतो. बाईच्या नावाआधी ‘तै’ अशी खूण. स्वयंपाकी, गाणारे, नाचणारे, छत्र धरणारे, पानं शिवणारे, भात कांडणारे, शेतात राबणारे असे गट. आणि या यादीचे दोन भाग: शुक्लपक्षाचे लोक आणि कृष्णपक्षाचे लोक.

म्हणजे पाळी होती. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत एका तुकडीने देवळात राबायचं, पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत दुसरीने. उरलेला पंधरवडा माणूस आपल्या गावी, आपल्या खाचरात. सुरुवातीच्या फ्रेंच अभ्यासकांनी या ‘ख्ञुम’ लोकांना सरळ गुलाम म्हटलं. काहींची विक्री झाल्याचे, पळून गेलेल्यांना पकडून शिक्षा केल्याचे उल्लेख आहेत, त्यामुळे त्यांना मोकळे म्हणता येत नाही. पण जो पंधरा दिवस स्वतःचं शेत कसतो त्याला गुलाम म्हणणंही जड जातं. मराठीतला ‘वेठ’ हा शब्द इथे जास्त बसतो. खरे विकत घेतलेले गुलाम वेगळे होते. झोऊ सांगतो की ते डोंगरातल्या टोळ्यांमधून आणलेले असत, श्रीमंतांच्या घरी शंभराच्या वर असत आणि अगदी गरिबाकडेच एकही नसे.

या व्यवस्थेचा बोजा किती होता, हे ता प्रोह्मच्याच शिलालेखातून काढता येतं. जयवर्मन सातव्याने राज्यभर १०२ रुग्णालयं चालवली होती. त्यांच्यासाठी ८३८ गावांतले ८१,६४० स्त्री-पुरुष नेमलेले होते, आणि त्यांनी वर्षाला पुरवायचा तांदूळ आजच्या मापात ११,१९२ टन भरतो. हे आकडे जॉर्ज सेदेस यांच्या वाचनातले आहेत, आणि जुनी मापं आजच्या वजनात बसवताना थोडं इकडंतिकडं होणारच. भागाकार केला तर गावामागे सत्त्याण्णव माणसं आणि तेरा टनांच्या वर तांदूळ येतो. माणशी १३७ किलो. नवराबायको धरले तर घरटी पावणेतीनशे किलो तांदूळ, आपलं खाणं आणि पुढच्या वर्षीचं बियाणं बाजूला ठेवून. वाळूसर जमिनीत, पावसावरच्या भाताचं हेक्टरी उत्पन्न टन-सव्वा टन धरलं, तर ही मागणी जीव घेणारी नाही, पण वाईट वर्षी पोटाला चिमटा नक्की बसवणारी आहे.

आता हेच गुणोत्तर देवळाचं काढा. ता प्रोह्मची ६६,६२५ माणसं ३,१४० गावांत, म्हणजे गावामागे फक्त एकवीस. प्रेआह खानचं गुणोत्तर तर त्याहून कमी, अठरा. रुग्णालयांना बहुधा अख्खी गावं लावून दिली होती आणि देवळांना गावातली काही घरं. मला यातली चतुराई महत्त्वाची वाटते. एकाच गावातली काही घरं एका देवळाची, काही दुसऱ्याची, काही एखाद्या सरदाराच्या घराण्याची असली, तर गाव कोणा एकाच्या मुठीत राहत नाही, आणि राजाला आपला हिस्सा सगळीकडून मिळतो. शिवाय एखाद्या मुलखात पीक बुडालं तरी देवळाचं पान वाढायचं थांबत नाही. हजारो गावांत पसरलेलं देऊळ हे बारायासारखंच जोखीम वाटून घेण्याचं साधन होतं.

हे सगळं पेलण्याची मर्यादाही होती. तिचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण कोह केर. अंगकोरच्या ईशान्येला, नव्वदएक किलोमीटरवर. ९२८ साली जयवर्मन चौथ्याने राजधानी तिथे नेली आणि नदी अडवायला सात किलोमीटर लांबीचा बांध घातला. ख्मेर राज्यातला तेव्हाचा सर्वांत लांब बांध. संशोधकांनी नुकतंच त्याच्या सांडव्याचं माप आणि नदीचा पूर यांचा ताळा घातला, तेव्हा सांडवा तोकडा निघाला. नेहमीच्या पावसाळ्यातलं पाणीही त्यातून पुरेसं बाहेर पडत नव्हतं, आणि बांध बांधल्यावर फार तर काही वर्षांत, कदाचित पहिल्याच पावसात, फुटला असावा. कोह केर डोंगराळ आहे, तिथे नदीला जोर आहे. सपाट अंगकोरमध्ये शिकलेली विद्या तिथे जशीच्या तशी चालली नाही. ९४४ मध्ये राजधानी परत अंगकोरला आली. राजधानी परतण्यामागे गादीचं राजकारण होतंच, पण फुटलेल्या तलावाने राजाची पत वाढली नसणार.

अंगकोरच्या जाळ्याचा शेवट मात्र एका फटक्यात झाला नाही. पारंपरिक इतिहास १४३१ साल सांगतो, सयामच्या अयुथ्या राज्याच्या स्वारीचं. त्याच्या आधीचं शतक जास्त बोलकं आहे. व्हिएतनामच्या डोंगरातल्या जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून २०१० मध्ये संशोधकांनी दाखवलं की चौदाव्या शतकाच्या मध्यावर कित्येक वर्षांचा दुष्काळ पडला, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा पडला, आणि मधल्या काळात काही पावसाळे अतोनात कोसळले. सुक्या वर्षांत पाट आणि तलाव गाळून, बुजवून लहान केले गेले असावेत. मग पूर आला. शहराच्या दक्षिणेकडच्या पाटांत वाळूचे जाड थर सापडले आहेत, एकाच झपाट्यात येऊन बसलेले. वरच्या बाजूला पाण्याने तळ खरवडला, खाली वाळू टाकली. जाळं जितकं गुंतलेलं तितकं एका जागचं बिघडलेलं काम पुढच्या दहा जागी पसरतं.

याचा पुरावा डोळ्यांनी पाहायचा असेल तर अंगकोर थोमच्या पूर्वेकडचा स्पेआन थ्मा हा दगडी पूल पाहावा. त्यात जुन्या देवळांचे कोरीव दगड उलटेसुलटे बसवलेले आहेत, म्हणजे बांधला तेव्हा नवा दगड आणायची ताकद उरली नव्हती. कमानी अरुंद. पुराचं पाणी त्यांत मावलं नाही, म्हणून नदीने पुलाला वळसा घातला. आज पूल कोरडा उभा आहे आणि नदी त्याच्या शेजारून, कित्येक मीटर खालून वाहते. नदी इतकी खोल गेली की जुन्या पाटांची तोंडं उंचावर राहिली. पाणी आहे, पण ते चढत नाही.

तरीही सगळा दोष पावसावर टाकायला मी तयार नाही. अंगकोर थोमच्या खंदकातला गाळ तपासल्यावर दिसलं की तिथली वर्दळ चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासूनच, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आधीपासून, हळूहळू कमी होत होती. जयवर्मन सातव्यानंतर त्या तोडीचं देऊळ झालं नाही. शेवटचा मोठा संस्कृत शिलालेख १३२७ चा. थेरवाद बौद्ध धर्म पसरला, ज्याच्या भिक्षूंना शेकडो गावांच्या पाळीची गरज नव्हती. समुद्रावरचा व्यापार वाढला आणि सत्ताधारी हळूहळू दक्षिणेला, आजच्या नॉम पेन्हच्या बाजूला सरकले. तलावाचा बांध दर उन्हाळ्यात माती मागतो, पाट दरवर्षी गाळ काढायला माणसं मागतो. ती माणसं बोलावणारी यादी ज्या देवळांकडे होती ती देवळंच ढिली पडली. नंतर आलेल्या पुराने आधीच मोकळं पडलेलं काम पाडलं, असं माझं मत आहे.

खेड्यातला शेतकरी मात्र कुठे गेला नाही. त्रपांगांशेजारची खाचरं तशीच पिकत राहिली, आणि पूर्व तलावाच्या कोरड्या पोटात आज भातशेती आहे. पश्चिम तलावात अजून पाणी आहे. विसाव्या शतकात त्याच्या बांधाला नवी मोरी बसवली गेली आणि तिच्यातून सुटणारं पाणी दक्षिणेकडच्या भाताला मिळतं. जयवर्मन सातव्याचा जयतटाकही काही वर्षांपूर्वी अंगकोरची देखभाल करणाऱ्या संस्थेने पुन्हा भरला, आणि २०११ च्या आसपास सिएम रीप शहराला पुराने झोडपलं तेव्हा जुन्या पाटांची आठवण सगळ्यांनाच झाली. तुमचा तिकडे जायचा बेत असेल तर सूर्योदयाला अंगकोर वाट पाहाच, पण एक दुपार पश्चिम तलावाच्या दक्षिण बांधासाठी आणि लोलेईच्या चौकटींसाठी राखून ठेवा. तिकडे गर्दी नसते.